चहा, गोळी आणि अर्धा चमचा

लातूरच्या क्रीडा संकुलाच्या मैदानावर मल्लेश तिसऱ्या फेरीत पडला तेव्हा भीमाशंकर सरांच्या हातात घड्याळ चालूच होतं. पोरगा अडखळला असेल, उठेल, असं त्यांना वाटलं. वीस वर्षं स्वतःच्या अकादमीत पोलीस भरतीची पोरं पळवणाऱ्या माणसाला पडणं नवीन नसतं. पण मल्लेश उठला नाही. जवळ जाऊन त्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि आतलं काळीज असं फडफडत होतं की ठोके मोजायला बोट टिकेना.

मैदानाबाहेर बसवंताचं चहाचं हॉटेल होतं. बसवंत म्हणजे मल्लेशचा बाप. तो गाळणं हातात घेऊनच पळत आला. दोघांनी पोराला रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मृण्मयी तिथं सकाळच्या पाळीला होत्या. मिनिटाला दोनशेच्या घरातले ठोके त्यांनी इंजेक्शनं देऊन ताळ्यावर आणले. तासाभरानं मल्लेश डोळे उघडून छताकडं बघू लागला. हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. हृदयात दोष सापडला नाही. मग बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि मल्लेशला विचारलं, काल संध्याकाळपासून काय काय पोटात गेलं?

मल्लेशनं आधी सरांकडं बघितलं, मग बापाकडं. कुणाचं नाव आधी घ्यावं हे त्याला ठरवता येईना.

"मी फकस्त चहा दिला," बसवंत म्हणाला. "सकाळी पळायच्या आधी दोन गिलास. रोजच देतो."

भीमाशंकर सरांनी सांगितलं की पळण्याआधी अर्धा तास ते पोरांना पावडरचा एक चमचा पाण्यातून देतात. व्यायामाआधी घ्यायची पावडर, दुकानात उघड मिळते, डब्यावर चमच्याला दोनशे मिलिग्रॅम कॅफीन लिहिलेलं आहे. बाकीचं मल्लेशनं तुटक तुटक सांगितलं. लेखी परीक्षेच्या अभ्यासाला रात्री मित्राच्या खोलीवर दोन कप कॉफी. झोप यायला लागली म्हणून जागं राहायची एक गोळी. पहाटे डोकं ठणकत होतं म्हणून डोकेदुखीच्या दोन गोळ्या. आणि सरांचा एक चमचा हल्ली लागू पडत नव्हता, म्हणून त्याच डब्यातला आणखी एक चमचा, सरांची पाठ वळलेली असताना.

मृण्मयीबाईंनी तपासणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. कॉफी सत्तरच्या हिशोबानं एकशे चाळीस. जागं राहायची गोळी दोनशे. डोकेदुखीच्या त्या गोळीतही कॅफीन असतं, एकीत पन्नास, म्हणजे शंभर. बसवंताचा चहा कडक, गिलासाला चाळीस धरा, ऐंशी. पावडर चारशे.

"नऊशे वीस," त्या म्हणाल्या. "धडधाकट मोठ्या माणसानं दिवसभरात चारशेच्या आत राहावं, आणि एका वेळी दोनशेच्या वर जाऊ नये. कॅफीन रक्तातून अर्धं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. रात्रीचं उतरलं नव्हतं, त्यावर सकाळचं चढलं. त्यात झोप नाही, पाणी कमी आणि पोरगा जीव तोडून पळतोय."

"डोकं काहून दुखत होतं मग?" बसवंतानं विचारलं.

रोज इतकं घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं आणि काही तास मिळालं नाही की डोकं दुखतं, हे त्यांनी समजावलं. त्या डोकेदुखीवर पुन्हा तीच गोष्ट गोळीतून पोटात गेली आणि बरं वाटलं.

भीमाशंकर सर त्या कागदाकडं बघत राहिले. बापाला चहा माहीत होता. खोलीतल्या मित्राला कॉफी माहीत असेल. आपल्याला चमचा माहीत होता. बेरीज कुणीच केली नव्हती. पण त्यांना जास्त टोचत होतं ते वेगळंच. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, कॅफीन असलेल्या इतर पदार्थांबरोबर घेऊ नये. ते त्यांनी दुकानातच वाचलं होतं. वाचलं होतं आणि पोरांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पोरांनी चहा सोडला नसता, पावडर सोडली असती.

हे त्यांनी बसवंताला दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगून टाकलं. बसवंतानं अजून हातात असलेलं गाळणं पायरीवर ठेवलं. मग म्हणाला, "पोरगं जितं हाय अप्पा. बाकी मग बघू." आणि आत गेला. मल्लेशची नांदेडची मैदानी चाचणी पाचव्या दिवशी होती. ती गेली. वयाच्या अटीत बसणारी ती त्याची शेवटची भरती होती.

त्याच चाचणीला मुलीही जाणार होत्या. दुसऱ्या दिवशी भीमाशंकर सरांनी पोरापोरींना मैदानावर बसवलं आणि मल्लेशचं जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःचा वाटा न लपवता. मग एकेकाला काय काय घेता ते विचारलं. पहिल्या दिवशी सगळेच खोटं बोलले. कुणी एकच चहा म्हणालं, कुणी काहीच नाही. सर रागावले नाहीत, पुन्हा विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी खरं बाहेर येऊ लागलं. मृण्मयीबाईंनी बजावलं होतं, एकदम सगळं बंद करू नका, डोकी धरून बसतील, थोडं थोडं उतरवा. आणखी एक सांगितलं होतं. चारशे हा आकडा भरल्या अंगाच्या माणसाचा. हलक्या पोरीला वजनावर मोजा, दिवसाला किलोमागं साडेपाच-पावणेसहा मिलिग्रॅमच्या आत.

वर्षाराणी देवणीची. वजन एकोणपन्नास किलो. तिचे झाले दोनशे ऐंशी. बाप नव्हता, आई नागम्मा शाळेत खिचडी शिजवायची. आठशे मीटरला अकादमीत तिच्याएवढी वेगवान पोरगी नव्हती आणि तिच्या सगळ्या चांगल्या वेळा एक चमचा घेतल्यावरच्या होत्या. चाचणीच्या दिवशी काय घ्यायचं ते तिनं आणि सरांनी मिळून ठरवलं: सकाळी दोन कप चहा, ऐंशी. पळण्याआधी अर्धा चमचा, शंभर. एकशे ऐंशी. त्याच्या पुढं काही नाही. डबा सरांच्या पिशवीत राहील.

नांदेडला मुलींना पहाटे पाचला बोलावलं होतं. कागद तपासले, उंची मोजली, छातीवर क्रमांक लागले आणि मग सगळ्या नुसत्या बसून राहिल्या. ऊन चढलं. वर्षाराणीच्या गटाचा नंबर यायला साडेनऊ वाजले. सर कुंपणाबाहेर उभे होते. ती कुंपणाशी आली, तोंड सुकलेलं.

"सर, पुढचा गट माझा हाय. द्या."

सरांनी पिशवीत हात घातला आणि थांबले. "सकाळपासून काय झालं?"

तिनं कुंपण धरलं. मग म्हणाली, "दोन चहा."

"आणि?"

तिनं आपल्या बुटांकडं बघितलं. "लई येळ बसवून ठेवलं. सातला एक कॉफी घेतली. मग डोकं दुखून राहिलं होतं, तर एका पोरीनं दोन गोळ्या दिल्या."

"कोणत्या?"

तिनं खिशातून रिकामं पाकीट काढून कुंपणातून दिलं. सरांनी ते उलटं केलं, डोळ्यांजवळ धरलं. पन्नास. दोन गोळ्या, शंभर. दोन चहा ऐंशी, कॉफी सत्तर. दोनशे पन्नास पहाटेपासून पोटात होते. अर्ध्या चमच्यानं साडेतीनशे झाले असते, पूर्ण चमच्यानं साडेचारशे.

"न्हाई," ते म्हणाले.

"अर्धाच, सर."

"अर्धाही न्हाई. तुझे दोनशे ऐंशी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला नाही. "मी खोटं बोलले असते तर दिलं असतंत ना?"

"हो," भीमाशंकर सर म्हणाले. "दिलं असतं."

"मग खरं बोलून माझंच नुकसान झालं की."

सरांनी पिशवीतला डबा सोडून दिला. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं घेतली, अर्धी प्यायली आणि शिट्टी झाली तशी वळून गेली.

ती पळाली. सर कुंपण धरून बघत होते आणि त्यांचं लक्ष पायांवर नव्हतं, चेहऱ्यावर होतं. पहिली फेरी तिच्या नेहमीच्या वेगात गेली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर ती मागं पडली, दोघींनी तिला गाठलं. रेघ ओलांडून ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, आणि हळूहळू सरळ झाली. सरांनी तेव्हा श्वास सोडला. तिला सरावापेक्षा सहा सेकंद जास्त लागले. वेळेवर गुण ठरतात, आणि त्या सहा सेकंदांत वरच्या गुणांचा टप्पा हातचा गेला. परतीच्या एसटीत ती मैत्रिणींबरोबर पुढं बसली. अहमदपूरला गाडी थांबली तरी खाली उतरली नाही.

महिन्याभरानं यादी लागली. वर्षाराणी दोन गुणांनी राहिली.

सर त्या संध्याकाळी मृण्मयीबाईंकडं गेले. त्यांना एकच विचारायचं होतं: तो अर्धा चमचा दिला असता तर काय झालं असतं? बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "कदाचित काहीच झालं नसतं," त्या म्हणाल्या. "कदाचित झालं असतं. पळायच्या आधी ते कुणाला कळतं?"

सरांनी डबा उकिरड्यावर टाकला आणि अकादमीत पावडर मिळणार नाही असं सांगून टाकलं. नऊ पोरं शहरातल्या दुसऱ्या अकादमीत गेली. तिथं चमचा मिळत होता. सरांनी त्यांच्या घरी जाऊन आईबापांना बेरीज समजावली, चार घरांत ऐकून घेतलं, पाच घरांत दारातूनच परत पाठवलं. बसवंत मात्र पळायला येणाऱ्या पोराला दुसरा गिलास देईना. आज आणखी काय घेतलंस, हे विचारल्याशिवाय पहिलाही देईना.

रविवारी भीमाशंकर सर देवणीला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. नागम्मानं त्यांना बाजेवर बसवलं. सरांनी तिलाही सगळं सांगितलं: मल्लेशचं, डब्यावरच्या बारीक अक्षरांचं, त्या सकाळचं. पोरीची नोकरी माझ्या हातून गेली असं समजा, म्हणाले. नागम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"मल्लेशच्या मायनं काय केलं असतं, तिचं पोरगं घरी परत आलं नसतं तर?" तिनं विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "माझी घरी आली. मला तेवढं कळतंय."

वर्षाराणी दारातल्या उंबऱ्यापाशी उभी होती. महिनाभर ती सरांशी बोलली नव्हती. आताही ती त्यांच्याकडं न बघताच बोलली.

"सर, पावडरीबिगर मी आठशे किती वेळात पळते, ते मला ठावंच न्हाई. कधी मोजलंच न्हाई आपण."

"न्हाई मोजलं," सर म्हणाले.

तिनं बूट घातले. गावाबाहेर शाळेचं मैदान होतं. कडेला देवणी जातीच्या दोन गाई चरत होत्या आणि फेरी आखलेली नव्हती, म्हणून सरांनी पावलांनी अंतर मोजलं, चार दगड ठेवले. उन्हं कलली होती. ती पहिल्या दगडाशी जाऊन उभी राहिली, सरांनी घड्याळ काढलं, आणि ती पळत सुटली.