काकांना कळेल असं भाषण

आमच्या छापखान्यातल्या बाइंडरचा निरोपसमारंभ झाला, तेव्हा काका पहिल्या रांगेत बसले होते. मालकांनी कागदात डोकं घालून बारा मिनिटं भाषण वाचलं. काका सगळा वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसले, इतरांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायचे, शेजारचा हसला की हसायचे. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, काय म्हणाले गं मालक?"

मी जमेल तसं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं बोलले की."

काका आमचे मशीनमन. चौतीस वर्षं छपाईच्या मशीनशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर त्यांना शब्द लागत नसत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नाही. समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून बोलायचं, एवढं मशीनखात्यातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मालकांना मात्र वाटायचं की काका जरा तंद्रीत असतात.

आता काकांचाच निरोप होता. सोमवारी मालकांनी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. "बाई, काकांचं भाषण. एकदा नजर टाका, शुक्रवारी वाचतो."

मी वाचलं. बाइंडरचंच भाषण होतं. नाव बदललेलं, पण तिसऱ्या परिच्छेदात काकांनी 'बांधणी विभागाची धुरा समर्थपणे सांभाळली' होती.

"साहेब, काकांनी आयुष्यात एक पुस्तक शिवलं नाही," मी म्हणाले.

"मग तुम्हीच लिहा. किंवा असं करा, तुम्हीच बोला. तुमची शुद्ध भाषा आहे." एवढं बोलून ते मोकळे झाले. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझा टांगणीला लागला. काकांनी स्वतःच्या निरोपालाही दुसऱ्याला विचारायचं, 'काय म्हणाले गं?' हे काही मला बघवलं नसतं.

मी मुद्रितशोधक. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. त्याआधीची अकरा वर्षं मी वाचक होते, म्हणजे मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि शेजारचा माणूस छापलेल्या कागदावर ताडून बघायचा. त्यात एकही खूण सोडून चालत नाही. 'आई स्वल्पविराम बाबा आणि मी पूर्णविराम नवा परिच्छेद.' भाव ओतून वाचलं तर ऐकणारा गोष्टीत रमतो आणि चूक निसटते, म्हणून आवाज सपाट ठेवायचा, पाटावरून वरवंटा फिरवल्यासारखा.

मंगळवारी रात्रीपर्यंत भाषण तयार झालं. बाकी काही म्हणा, निर्दोष होतं. बुधवारी सकाळी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, त्यांना म्हटलं, "आई, ऐका जरा." आणि वाचलं.

'कर्तव्यनिष्ठा, मनमिळाऊ स्वभाव, विलक्षण चिकाटी व कार्यावरील अढळ श्रद्धा या गुणांच्या बळावर ज्यांनी आपल्या संस्थेचा लौकिक वृद्धिंगत केला, त्या...'

सासूबाईंचे हात थांबले. "अगं, कोण गेलं?"

"कुणी नाही हो. आमचे काका, ज्यांना ऐकू कमी येतं ते, निवृत्त होतायत."

"मग असं का वाचतेयस? आणि मधेच पूर्णविराम म्हणालीस."

"मी?"

"दोनदा."

मी कपाळाला हात लावला. अकरा वर्षांची सवय, हातात कागद आला की आपोआप सुरू होते.

सासूबाईंचे कान पक्के होते. आयुष्यभर त्यांनी देवाधर्माचं ऐकलेलं, चांगल्या सांगणाऱ्यांकडून ऐकलेलं. सांगणारा कुठे मनापासून बोलतो आणि कुठे पाठ केलेलं ढकलतो, हे त्या डोळे मिटून ओळखायच्या. म्हणाल्या, "देवापुढे बसतेस तेव्हा तू 'वृद्धिंगत' म्हणतेस का? तिथे साधंच बोलतेस ना? आणि तिथे तर सगळं कळणारा बसलेला असतो. इथे तर माणूस आहे, त्यातून कानाने कमी. एवढ्या लांब वाक्याचं शेपूट हाती येईपर्यंत तो तोंड विसरून जाईल."

"मग काय म्हणू?"

"ते कागद ठेव बाजूला. तो माणूस कसा आहे, ते सांग मला. मटार सोलता सोलता सांग."

मी शेंगा ओढून घेतल्या आणि सांगितलं. एका लग्नपत्रिकेत माझ्या हातून वार चुकला होता. मी तपासून सही केली, छपाईची प्लेट झाली, मशीन सुरू झालं. काकांनी त्या तारखेला रजा टाकलेली, त्यामुळे वार त्यांच्या डोक्यात होता. त्यांनी मशीन थांबवलं. मालकांना सांगितलं, शाईचे रोलर धुवायचेत, अर्धा तास लागेल. आणि दुरुस्त प्लेट होईपर्यंत खरोखरच रोलर धूत बसले. मला फक्त पत्रिका आणून दिली, वारावर बोट ठेवून. 'चाळीसच वाया गेल्यात,' एवढंच म्हणाले. पुढे कधी विषयही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "झालं तुझं भाषण."

"छे हो आई. यात माझी चूक आहे. मालकांसमोर कशी सांगू?"

"त्याने तुझी झाकली. आता जातोय तो. तू त्याच्यासाठी तुझी उघडी करायला काय हरकत आहे? नाहीतर वाच तुझं वृद्धिंगत."

मग मी लिहायला बसले, जसं बोलले होते तसं. पण हाताला खोड असते. वाचून दाखवलं तर सासूबाई पहिल्याच ओळीला म्हणाल्या, "'मग' म्हणाली होतीस. 'तदनंतर' कुठून आलं?" मी परत 'मग' केलं. 'मशीन थांबविण्यात आले' होतं, ते 'काकांनी मशीन थांबवलं' केलं, कारण कुणी थांबवलं हीच तर सगळी गोष्ट. कंसातला मजकूर काढला. कंस डोळ्याला दिसतो, बोलताना त्याचं काय करायचं? अर्थात बोललेलं सगळंच जसंच्या तसं ठेवलं नाही. पत्रिका कुणाची, कागद कुठला, कुणाला आवडला नाही, असे मी बोलण्यात तीन फाटे फोडले होते, ते छाटले. 'म्हणजे' सात वेळा आलं होतं, दोनच ठेवले. पहिल्या भाषणातले चारही गुण उडवले. एका ओळीत एकच गोष्ट लिहिली, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ मोडली. कशाबद्दल बोलणार ते आधी, मग बाकीचं. ऐकणाऱ्याला विषय आधी कळला की अर्धे शब्द तो स्वतःच भरतो.

संध्याकाळी यजमानांच्या कानांत कापूस घालून त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं.

"अगं, घरात मला तसंही कोण काय सांगतं?" ते म्हणाले.

"बोलू नका. बघा."

मी मोठ्याने ओरडून म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तोंड वेडंवाकडं होतंय. भांडतेयस असं वाटतं. नेहमीसारखं बोल." मी नेहमीसारखं बोलले. तेव्हा ते म्हणाले, "हे बरंय. पण तू खाली बघितलंस की संपलं. आणि तो दिवा तुझ्या मागे आहे, चेहरा काळा दिसतो."

म्हणजे कागद नको होता आणि उजेड समोरून हवा होता. मग येता-जाता घरातल्या सगळ्यांना बोलून दाखवलं. गुरुवारी यजमान भांडी विसळताना म्हणाले, "आता ते रोलर धुवायला मीच जातो." सासूबाई हसल्या, पण मला म्हणाल्या, "अजून पाठ केल्यासारखं येतंय. शब्द विसरलीस तरी चालेल. गोष्ट विसरू नकोस."

शुक्रवारी मी अर्धा तास आधी गेले. बोलणाऱ्याचं टेबल खिडकीला पाठ करून मांडलेलं होतं. शिपायाला म्हटलं, "हे समोरच्या भिंतीकडे घेऊ या." त्याने कारण विचारलं, मी म्हटलं उन्हाचा त्रास होतो. काकांची खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध, माझ्यापासून चार पावलांवर ठेवली.

मालक दोन वाक्यं बोलले आणि मला बोलावलं. मी उभी राहिले. धीरासाठी हातात कागद घेतला होताच. काका तोच हसरा चेहरा लावून बसले होते, टाळ्यांसाठी हात तयार ठेवून. मी कागद उघडला आणि माझ्या तोंडून निघालं, "सन्माननीय स्वल्पविराम..."

कंपोझिंगवाल्या मुली फिस्सकन हसल्या. काकांनी शेजारी बघितलं आणि तेही हसले, उगाचच. मला ते हसू सहन होईना. मी कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली.

"काका," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबले. त्यांची नजर माझ्या ओठांवर आली, मग मी बोलले.

"मी लग्नपत्रिकेची गोष्ट सांगणार आहे."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बारीकशी मान हलवली, नको म्हणून. म्हणजे कळलं होतं. मी तरीही पुढे गेले.

"पत्रिकेत वार चुकला होता. चूक माझी होती. सही माझी होती." मालकांनी मान वर केली. "मशीन सुरू झालं. काकांनी ते थांबवलं. साहेबांना सांगितलं, रोलर धुवायचेत."

"म्हणजे रोलर स्वच्छ होते?" मालक म्हणाले.

"नंतर झाले, साहेब. काकांनी अर्धा तास धुतले."

सगळे हसले. या वेळी काकांनी शेजारी बघितलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते आणि गालात हसत होते, इतरांच्या आधीपासून.

"मला कुणी काही बोललं नाही. कुणाला कळलंच नाही. चाळीस पत्रिका वाया गेल्या, त्या काकांनी..."

"साठ," काका म्हणाले.

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका समारंभात बोलतात हे कुणाला माहीतच नव्हतं.

"साठ गेल्या होत्या, ताई," ते म्हणाले. "चाळीस मी तुला सांगितल्या होत्या. तू रडायच्या बेतात होतीस."

मला पुढचं काही आठवेना. कागद टेबलावर होता, पण खाली बघायचं नव्हतं. मी तशीच उभी राहिले, डोळे भरून आलेले.

काका खुर्ची ओढून एक पाऊल पुढे सरकले.

"बोल ना," ते म्हणाले. "कळतंय मला. पुढे बोल."