कपाळावरचा चांद

महांतेशने कुत्र्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि अंगठा पांढरा झाला.

"पुसू नका," यादगिरी म्हणाला. "कुत्र्याला चालतो तसला रंग हाय. पुन्हा लावावा लागंल."

लातूरला गंजगोलाईच्या मागे एका कापडदुकानाचे उद्घाटन होते. दुकानासमोर मांडव, मांडवाच्या टोकाला पडदा आणि पडद्याआड साखळीला बांधलेला बादशाह. रोज संध्याकाळी घराघरांत दिसणारा, मालिकेतल्या पोरक्या मुलीचा जिवलग कुत्रा. यादगिरी त्याला शिकवणारा. धर्माबादचा, आता हैदराबादेत चित्रीकरणाला जनावरे पुरवणारा. आणि महांतेश त्या कुत्र्याचा पहिला धनी. निदान लातूरजवळच्या मुरुडात तरी त्याला सगळे त्याच नावाने ओळखत.

कुत्रा धापा टाकत होता. त्याची लांब जीभ स्वच्छ गुलाबी होती. महांतेशने वाढवलेल्या खंड्याच्या जिभेवर मधोमध काळपट डाग होता, जांभूळ खाऊन पुसला नसल्यासारखा. रंग लावता येतो कपाळाला. जिभेला कोण लावणार?

"हा खंड्या न्हाई," महांतेश म्हणाला.

"न्हाईच. ह्यो पळायच्या सीनचा."

महांतेश मुरुडात भांड्यांच्या दुकानात बसून स्टीलवर नावे कोरत असे. वधूवरांची नावे, मामाकडून सप्रेम भेट, स्वर्गवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. दिवसभर इतरांची नावे कोरणाऱ्या त्या अबोल माणसाला स्वतःचे नाव कुणी घेतलेले फारसे आठवत नव्हते. यादगिरीने बाजारच्या दिवशी खंड्याच्या कपाळावरचा पांढरा चांद पाहिला, टीव्हीत घालतो म्हणाला, आणि महांतेशने एका शब्दावर साखळी त्याच्या हाती दिली. पुढे मालिका सुरू झाली. बादशाह नाल्यावरून उडी मारी, चोराची विजार फाडी, दप्तर तोंडात धरून शाळेपर्यंत धावे. गिऱ्हाइके पातेले बाजूला ठेवून महांतेशला खंड्याच्या गोष्टी विचारू लागली. तो सांगू लागला. बोलायला शिकलेल्या मुक्यासारखा, थोडे जास्तच.

एकदा मालिकेत बादशाह आजारी पडला. गादीवर बरगड्या मोजता येतील असे एक कुत्रे पडले होते आणि मुलगी त्याच्या मानेशी तोंड घालून रडत होती. सारे मुरुड हळहळले. दुसऱ्या दिवशी रामकिशनच्या हॉटेलात महांतेशने मोबाइलवर ते चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले आणि सर्वांना पटवून दिले की हा खंड्या नव्हे. चांद बघा, फिकट आहे. अंग बघा. कुठले तरी मरतुकडे आणून निजवले आहे.

"आन जिभंवर डाग हाय की रे," रामकिशन म्हणाला होता.

"औषध पाजलंय त्याला. त्याचा हाय," महांतेशने उत्तर दिले होते, आणि हॉटेलातले सगळे त्याच्या पारखीवर खूश झाले होते.

आता पडद्याआड यादगिरी पिशवीतून डबी काढत सांगत होता. त्याच्या सांगण्यात लपवाछपवी नव्हती. गवंडी भिंतीविषयी बोलेल तसे तो बोलत होता. एक कुत्रा कधी सगळे करत नाही. हा धावतो, उड्या मारतो. दुसरी कुत्री आहे, ती नुसती बसते आणि बघते. चेहरा जवळून दाखवतात तो तिचा. उकडलेल्या काळजाचा तुकडा काठीला टोचून कॅमेऱ्याच्या शेजारी धरायचा. कुत्रे काळजाकडे बघते, लोकांना वाटते मुलीकडे बघते. भुंकणे मागाहून घालतात. चांद तेवढा खंड्याचा चांगला होता, म्हणून दोघांच्या कपाळावर तसाच काढायचा ठरला.

"मग खंड्या कुठला?"

"आजारपणाचा."

यादगिरी डबी हातात फिरवत पुढे सांगू लागला.

"काळीज तोंडाला लावंना बघा. तुम्ही लिंगायत लोकं, भाकरी-दुधावर वाढवलेलं. बरं, नवीन जागी भाकरीलाबी तोंड लावंना. म्हणलं उपाशी ठिवू, भुकंनं खाईल. न्हाई खाल्लं. नुसतं फाटकाकडं बघत बसायचं. मग डायरेक्टर म्हणले, आजारपणाचा सीन हायच, ह्याच्यावरच उरकून घ्या."

"कुणी इचारलं न्हाई? सुरवातीला पाटी येती की, जनावराला इजा झाली न्हाई म्हणून."

"पाटी ह्या दोघांची. परवानगी काढायला डॉक्टरचा दाखला लागतो, कुत्रं धडधाकट हाय म्हणून. त्याला कोण देणार दाखला? त्याचं नावच न्हाई कुठं." यादगिरीने डबीचे झाकण उघडले. "पण काम लई चांगलं झालं. कुणी फाटकातनं आलं की मान उचलायचं. तेवढीच हालचाल. लोकं म्हणले, काय अ‍ॅक्टिंग हाय."

ती मान महांतेशने पाहिली होती. बोटांनी मोठी करून पाहिली होती.

"आता कुठं हाय?"

"त्याच आठवड्यात गेलं."

"सांगायचं तर."

"काय सांगायचं? तुम्ही रोज टीव्हीवर बघत होता की."

मांडवातून निवेदकाने त्याचे नाव पुकारले. बादशाहला लहानाचा मोठा करणारे, मुरुडचे महांतेश. शिट्ट्या झाल्या. रामकिशन गावातल्या मंडळींना जीप भरून घेऊन आला होता आणि मोबाइल उंच धरून पुढच्या रांगेत उभा होता.

यादगिरीने त्याच्या डाव्या तळहातावर डबीतले काहीतरी ओले, मऊ ठेवले. "मूठ मिटा. बादशाह म्हणा आन मूठ छातीशी न्या. तो उडी मारतोय. मालक खूश, तुम्ही खूश."

महांतेशच्या घरात सात पिढ्यांत मांसाला कुणाचा हात लागला नव्हता. त्याने मूठ उघडली नाही. उघडली असती तर ते दिसले असते. उजव्या हाताने त्याने सदऱ्याच्या आतला, गळ्यातल्या इष्टलिंगाचा शिवदोरा चाचपला आणि त्यातले लिंग छातीवरून काखेकडे सरकवले.

मंचावर प्रकाश डोळ्यांत जात होता. खालून रामकिशनचा आवाज आला, "बघू बरं, वळकतंय का तुला. का त्यालाबी मोठेपणाची मस्ती आली?" लोक हसले. निवेदकाने माइक त्याच्या तोंडाशी आणला आणि विचारले, हाच ना तुमचा खंड्या?

बोलायचे तर सगळेच बोलावे लागले असते. माझे कुत्रे ते, ज्याला मी मरतुकडे म्हणालो. ते माझी वाट बघत मान उचलत होते आणि मी चहा पीत तुम्हांला समजावत होतो, की हे दुसरेच आहे.

"हाव," महांतेश म्हणाला. "ह्योच."

त्याने बादशाह म्हणून हाक मारली आणि मूठ छातीशी नेली. कुत्र्याने झेप घेतली, पुढचे पाय त्याच्या खांद्यांवर टाकले, बोटांच्या फटींतून जीभ घालून मूठ उघडली आणि तळहात शेवटच्या कणापर्यंत चाटून काढला. टाळ्या थांबेनात. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मुकं जनावर, पण विसरलं नाही, असे शेजारणीला सांगत होती. तुकडा संपला तसा कुत्रा खाली उतरला आणि यादगिरीच्या डबीकडे बघू लागला.

जीपमध्ये रामकिशनने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मुरुड येण्याआधीच तो गावभर पोचला होता. दारात आई, मल्लम्मा, उभी होती. शेजारणींना तिने तो दाखवूनही झाला होता. "माझ्या हातची भाकरी खाल्लेलं लेकरू," ती म्हणाली. "कसं गळ्यात पडलं."

महांतेश मोरीत गेला. साबणाने हात धुतला, राखेने धुतला, मग पुन्हा साबणाने.

तो बाहेर आला तेव्हा आईने पाट मांडला होता. बेलाची पाने, भस्म आणि तांब्या नेहमीच्या जागी होते. तो बसला. रोज पूजेला डाव्या तळहातावर घ्यायचे ते लिंग शिवदोऱ्यातून काढले आणि तसाच थांबला. डावा हात मांडीवर पालथा पडून होता.

"का रं? घे की हातावर."

त्याने लिंग आईपुढे धरले.

"तुझ्या हातावर ठेव," तो म्हणाला. "मी हितनं बघतो."