उद्याची वेळ, आजची तारीख

नोएडातल्या त्या ऑफिसात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “संपदा, सगळ्यात अवघड बग कोणता सोडवलात?”

नोकरी गेल्यापासून मी याच प्रश्नाची तयारी करत होते.

“दवाखान्याच्या ॲपमध्ये उद्याची वेळ घेतली, तरी काही पेशंटना आजचीच तारीख मिळायची. आधी वाटलं, त्यांच्या फोनचं घड्याळ चुकलंय. मग कॅशवर, म्हणजे ॲपनं साठवून ठेवलेल्या जुन्या माहितीवर संशय आला, पण कॅश बंद करूनही चूक होतच राहिली. शेवटी तक्रारी बुकिंगच्या वेळेप्रमाणे लावल्या, तर सगळ्या मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधल्या! सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे तारीख बदललेलीच नसायची. मग तारीख भारतीय वेळेनं काढायला लावली, चुकलेली बुकिंग दुरुस्त केली आणि ही चूक पुन्हा झाली तर पकडणारी टेस्ट लिहिली.”

बाई म्हणाल्या, “हेच काल अश्लेषानं सांगितलं.”

अश्लेषा माझी रूममेट. माझ्यासारखीच जुन्या कंपनीतून नोकरी गेलेली, पण या बगला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.

“कॅशवरचा संशयसुद्धा?” मी तडकून विचारलं.

“फोनच्या घड्याळासकट.”

रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून मी हे उत्तर घोकायचे. ती शेजारच्या पलंगावर डोळे मिटून असायची. बिचारीची झोप मोडू नये म्हणून मी आवाज हळू करायचे!

“तिला आम्ही घेतलंय. एक जागा अजून आहे,” बाई म्हणाल्या. “दुसरा एखादा बग सांगा.”

मी तोंड उघडलं.

“दवाखान्याच्या ॲपमध्ये...”