साखराबाईच्या चौकशीचा गोषवारा

"तीन भाषा असू दे न्हाईतर तेरा, कसलंबी बाड एका पानात बसवतो," अजिनाथ कारकून सकाळीच बोलून गेलते. पंखा बंद, पाठ मोडलेली, तरी बोलणं लई ऐटीत. साहेब एकाच पानाचं वाचतात, हे सगळ्या कचेरीला ठाऊक.

बाड होतं साखराबाईच्या चौकशीचं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठीचं हंगामी वसतिगृह. तिथं ती स्वयंपाक करायची. निनावी तक्रार मराठीत, तपासणीचा अहवाल इंग्रजीत, सिलेंडरवाल्याचा जबाब हिंदीत. गोषवारा वाईट निघाला तर बाईचं काम जाणार. ती सकाळपासून बाकड्यावर बसलेली.

दुपारी अजिनाथनी पान तयार केलं. नव्या कारकून मोहिनीनं मोठ्यानं वाचलं, "तपासणीत आढळले: बाई लेकरायला शिळं वाढते. सिलेंडर पुरवठादार म्हणतो, बाईने नाकात दम आणला."

साखराबाई उठली. "सायब, काढायचं तर काढा. पण हे कुनी म्हनलं?"

मोहिनीनं मूळ कागद उघडले. "भाऊसाहेब, अहवालात 'बाई लेकरायला शिळं वाढते' हे अवतरणात हाय. तक्रारदाराचं वाक्य हाय ते. पुढं इंग्रजीत लिहिलंय, नॉट सब्स्टँशिएटेड. म्हणजे ह्यात तथ्य आढळलं न्हाई!"

"लांबडा शब्द व्हता, पानात बसना. अवतरणचिन्हंबी काढली, जागा वाचती."

"अन् सिलेंडरवाला? 'इस बाई ने नाक में दम कर रखा है, बोलती है बच्चों की रोटी गरम ही होनी चाहिए.' तुमी निम्मंच घेतलं. कावून?"

"निम्म्यात पान संपलं."

"म्हंजे लेकरायला गरम भाकरी मिळावी म्हणून सिलेंडर मागितलं, त्याचा मला दोष?" साखराबाई म्हणाली. तिचा आवाज चढलाच न्हाई, दमलाच होता.

अजिनाथनी कपाळ चोळलं अन् ते पुन्हा लिहायला बसले. मोहिनी सांगत गेली, ते लिहीत गेले: आधी कोण म्हणालं, मग जसंच्या तसं अवतरणात, मग त्याच्या खाली मराठी अर्थ, मग निष्कर्ष. तक्रारदाराचं तक्रारदाराच्या तोंडी, सिलेंडरवाल्याचं पुरं. काही गळलं न्हाई. फक्त एकाची दोन पानं झाली.

"साहेब दुसरं पान बघत न्हाईत," अजिनाथ पुटपुटले.

"मग निष्कर्ष वर घ्या, पहिल्या ओळीत."

घेतला. साहेबांनी वाचलं, सही केली. साखराबाई निर्दोष, कामावर कायम. अजिनाथ पाणी प्यायले. ह्या वेळी बढाई मारायची ताकदच उरली न्हवती.

चार दिवसांनी आदेशाची प्रत वसतिगृहाच्या दारावर चिकटवली गेली. टाइप करणाऱ्यानं विषयाच्या जागी गोषवाऱ्यातलं पहिलं अवतरण उचललं होतं, चिन्हं वगळून, ठळक अक्षरात: बाई लेकरायला शिळं वाढते. खाली बारीक अक्षरात, निर्दोष.