एका सीटचं पत्र

लोकांकडे मदत मागणारं पत्र लिहायचं म्हटलं की खजिनदारकाकांना वाणसामानाची यादी करण्याचा उत्साह येई. टायर, डिझेल, ड्रायव्हरमामांचा पगार, मुलांचा खाऊ, विमा, ऑफिसचं भाडं. पान संपलं तरी काकांचं संपत नसे. संस्था एवढीशी. तुरुंगातल्या आयांना भेटवायला त्यांच्या मुलांना महिन्यातून एकदा गाडीनं न्यायचं, बस्स. गेल्या वर्षी त्या यादीला कुणी भीक घातली नाही. यंदाही तसंच झालं, तर गाडी बंद.

"काका, टायरसाठी कुणाच्या पोटात तुटतं का?" चिटणीसताई म्हणाली. "एकाच मुलीबद्दल लिहू. आणि मागायचं एकच: एका मुलाची एका फेरीची सीट."

"आणि टायर काय आभाळातून पडणार?"

"सीटच्या किमतीतच घाला की. टायर, डिझेल, मामा, सगळंच."

काका कुरकुरत कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आकडा निघाला तेव्हा मात्र स्वतःवरच खूश झाले.

मुलगी कोण घ्यायची, ते मामांनी सांगितलं. गाडीत तिला सगळे 'किती-राहिलं' म्हणत. निघाल्यापासून तिचं तेच पालुपद. शेवटच्या पेट्रोल पंपाशी गाडी थांबली की ती वेणी सोडून पुन्हा घालायची, आईसमोर नीटनेटकं जायला. परतताना खिडकीकडे तोंड करून मुसमुसायची. ताईनं तेवढंच लिहिलं. नाव बदललं, 'बिचारी' कुठे येऊ दिलं नाही. आजीनं हो म्हटलं होतं. राहिली होती आई.

भेटीच्या खोलीत आई कागदावर बोट ठेवून वाचत होती. वेणीपाशी बोट थांबलं.

"ही गाडीत घालते? मला वाटायचं, आजी घालून देते."

तिनं पुढचं शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "रडण्याचं तेवढं काढा ताई. मोठी झाल्यावर वाचेल कधीतरी."

लोकांचे हात खिशाकडे जातील ते याच ओळीनं, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. जिवावर आलं, पण तिनं ओळ खोडली.

"हा कागद मी ठेवू?" आईनं विचारलं. "आणि या एकावर तिचं खरं नाव लिहून द्याल?"

पहाऱ्यावरच्या बाईंनी होकारार्थी मान हलवली. ताईनं नाव लिहिलं. आईनं त्यावरून बोट फिरवलं, आणि ताईच्या लक्षात आलं: या बाईला लेकीची ती अख्खी वाट कधी दिसलीच नव्हती.

पत्र गेलं. कुणी एक सीट दिली, कुणी दोन. काकांना पावत्या फाडायला उसंत मिळेना. गाडी चालू राहिली.

पुढच्या भेटीला लेक समोर बसली, तशी आईनं तिची वेणी हातात घेतली. "पंपाशी घातलीस ना?"

"तुला कसं कळलं?"

"मी असते की गं तुझ्याबरोबर," आई म्हणाली.

परतताना त्या दिवशी किती-राहिलं रडली नाही. पंप आला तशी काचेला नाक लावून बसली, आणि मागे पडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.