कोंड्याचे पैसे

पेणजवळच्या गडब गावात दत्तात्रेयची पोह्यांची छोटी गिरणी आहे. पुढे दुकान, मागे भट्टी. सोमवारी त्याने रोजच्या गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर पत्र लावलं.

‘मंडळी, पोहे चौसष्टवरून सत्तर रुपये किलो होत आहेत. एक किलो पोह्यांना दीड किलो भात लागतं, त्याचे साडेचाळीस रुपये. मजुरी नऊ, वीज पाच, पिशवी दोन, भाडं आणि यंत्राची दुरुस्ती सात. आमच्या हाती उरतात साडेसहा. लपवण्यासारखं काही नाही. — दत्तात्रेय’

गोदूबाईने नातीकडून ते दोनदा वाचून घेतलं. तिच्या दोन म्हशी आहेत. पोहे आणि कोंडा, दोन्ही ती इथूनच नेते.

“दत्ता, तूस भट्टीत जाळतोस, त्याचं मी काय बोलत नाय. पण कोंडा? वीस रुपये किलोनं मलाच विकतोस. तो काय आभाळातून पडतो?”

“कोंड्याचा पोह्यांशी काय संबंध?”

“एकाच भातातून निघतात रे मेल्या! किलोभर पोह्यांमागं पाव किलो कोंडा निघतो, म्हणजे पाच रुपये. तुझ्या कागदावर हायत का?”

दत्तात्रेयचा चेहरा लाल झाला. “वीस वर्षं तराजूची दांडी कधी वाकडी झाली नाय, आन तू मला चोर म्हणतेस?”

“मी नाय म्हटलं. पण ‘लपवण्यासारखं नाही’ हे तूच लिवलंस.”

बाकीची गिऱ्हाइकं भिंतीवरचं पत्र पुन्हा वाचू लागली. एकाने भरलेली पिशवी ठेवून दिली. पलीकडच्या दुकानात कारखान्याचे पोहे अडुसष्टला मिळत होते.

खरं तर दत्तात्रेयने काही लपवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून कोंड्याचे पैसे त्याच्या बायकोचे, सगुणाचे. मीठमसाला, पोरांची फी त्यातून. ते गिरणीच्या हिशेबात धरायचे असतात, हे त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं.

तो आत ओरडला, “सगुणा, सांग गो हिला, कोंडा तुझा!”

सगुणा हात पुसत बाहेर आली. “पैसे माझे, व्हय. पण भात तुमच्याच पोत्यातलं ना? आन दिवाळीला कोंडा सोळाचा वीस केला, तो तुम्हीच.”

“तू पण?”

“मग खोटं बोलू?”

कोंडा चार रुपयांनी महागला होता, म्हणजे किलोभर पोह्यांमागे एक रुपया जास्त आला होता. आधीचे चार पूर्वीपासूनच घरखर्चाला जात होते; हा वाढीव रुपया मात्र गिऱ्हाइकांचा होता. दत्तात्रेयने पेन इतकं दाबून धरलं की कागद फाटला. सत्तर खोडून त्याने एकोणसत्तर लिहिलं. खाली लिहिलं : ‘कोंड्याचे पाच रुपये येतात, ते धरले नव्हते. हाती साडेदहा उरतात.’

पिशवी ठेवलेल्या माणसाने ती परत उचलली.

“आता खूश?” दत्तात्रेय गोदूबाईवर खेकसला.

“नाय. एकोणसत्तर पण जास्तच हाय. पण आता निदान का जास्त हाय ते कळतंय. दोन किलो दे. आन कोंडा.”

त्याने कोंड्याचं पोतं धाडकन तराजूवर आदळलं.

“सावकाश,” सगुणा म्हणाली, “तो माझा हाय.”