मामांनी लावलेली नोकरी

रक्त तपासायच्या लॅबमधल्या जागेची खबर मामांनी दिली होती, तिथल्या डॉक्टरांकडे शब्दही टाकला होता. म्हणून निकाल कळताच भाचीने पहिला फोन त्यांनाच केला.

“मामा, तुमचे खूप आभार. पण त्यांनी दुसरीला घेतलं.”

भाचीला नोकरी लावल्याची दवंडी मामांनी परवाच पिटली होती आणि अख्खा गोतावळा त्यांचं कौतुक करून मोकळा झाला होता.

“हे आणखी कुणाला बोललीस?”

“नाही अजून.”

“मग असं कर, दोन महिने रोज नऊला डबा घेऊन घराबाहेर पड.”

“आणि नंतर?”

“नंतर राजीनामा दे,” मामा उदारपणे म्हणाले. “दुसरीकडे माझी ओळख आहे.”